नववीतल्या मुलाच्या चुका मॉडेलकडून लिहून घेताना

नव्याने रुजू झालेल्या मराठीच्या शिक्षकांना निबंध तपासण्याचा सराव मिळावा, म्हणून काही नमुना-निबंध तयार करायचं काम माझ्याकडे आलं होतं. निबंध नववीच्या मुलांनी लिहिल्यासारखे हवे होते आणि त्यात तपासण्याजोग्या चुका हव्या होत्या. खऱ्या मुलांच्या वह्या अशा सगळ्यांत फिरवणं मला पटत नव्हतं. अक्षरावरून आणि मजकुरातल्या घरच्या गोष्टींवरून मूल सहज ओळखू येतं. म्हणून हे निबंध भाषा मॉडेलकडून लिहून घ्यायचे ठरवले. विषय साधाच घेतला, पावसाळ्यातला एक दिवस.

‘नववीच्या विद्यार्थ्यासारखं लिही’ एवढंच सांगितल्यावर जे हाती आलं, त्यात एकही चूक नव्हती. वाक्यं आखूड, शब्द सोपे, परिच्छेद सारखे. मुलांनी वाचावं म्हणून मोठ्या माणसाने लिहिलेला मजकूर असतो, तसा तो होता. माझ्या मते याचं एक कारण असं. इंग्रजीत मजकुराला ‘अमुक इयत्तेच्या पातळीचा’ म्हणण्याची रीत जुनी आहे. १९७५ साली अमेरिकी नौदलासाठी तयार झालेलं फ्लेश-किंकेड सूत्र वाक्याची आणि शब्दांची सरासरी लांबी बघून इयत्ता काढून देतं. पण ती इयत्ता वाचणाऱ्याची असते, लिहिणाऱ्याची नसते. मॉडेल ज्या मजकुरावर शिकतं त्यात मुलांसाठी लिहिलेलं भरपूर असतं, पण मुलांनी स्वतः वहीत लिहिलेलं जवळजवळ नसतंच. मुलांच्या वह्या इंटरनेटवर चढत नाहीत. तिथे असतात ते मोठ्यांनी मुलांच्या नावाने लिहिलेले आदर्श निबंध.

मग सूचनेत भर घातली, की शुद्धलेखनाच्या काही चुका असू देत, मूल मध्यम हुशार आहे. या वेळी चुका आल्या. त्यातला एक तुकडा असा होता:

‘पावसाळा हा ऋतू मला खुप आवडतो. निसर्गाचा हा अद्भुत आविष्कार पाहून मन प्रफुल्लित होते. त्या दिवशी मी आणी माझया मैत्रिणी शाळेतून निघालो. अचानक आकाशात काळे ढग जमले आणि मुसळधार पाऊस सुरू झाला.’

मला हे बरं वाटलं, पण देण्याआधी एका ज्येष्ठ शिक्षिकेला दाखवलं. बाईंनी नववी-दहावीच्या वह्या आयुष्यभर तपासल्या आहेत. त्यांनी तुकडा एकदाच वाचला आणि म्हणाल्या, “अहो, हे मूल अवघड शब्दांत पास होतं आणि सोप्यात नापास. असं मूल मी अजून पाहिलेलं नाही.”

मग त्या एकेका शब्दावर बोट ठेवत गेल्या. ‘खुप’ मुलं लिहितात, हे खरं. पण ज्याला ‘खूप’मधला दीर्घ ऊ लक्षात राहत नाही, त्याचा ‘अद्भुत’ बरोबर कसा येतो? तो शब्द मोठी माणसंही सर्रास ‘अद्भूत’ लिहितात. ‘प्रफुल्लित’मधलं जोडाक्षरही जागच्या जागी आहे. पुढे ‘आणी’ चुकलंय आणि लगेच दुसऱ्या वाक्यात ‘आणि’ बरोबर आहे. मूल चुकायचं तर दोन्हीकडे चुकेल, असं त्यांचं म्हणणं होतं. एवढ्या जवळजवळच्या दोन वाक्यांत त्याचा हात सहसा बदलत नाही.

‘माझया’पाशी त्या सर्वांत जास्त थांबल्या. हाताने लिहिणारं मूल ‘माझ्या’ हा शब्द कानाने ऐकतं आणि अर्धा झ लिहितं. तो त्याला वेडावाकडा जमेल, पण पूर्ण झ लिहून पुढे ‘या’ लिहिलं तर उच्चारच बदलतो, आणि ते त्याच्या कानाला खटकतं. पाय मोडायचा राहून जाणं ही टायपिंगची किंवा छापील पान स्कॅन करून मजकूर काढताना होणारी चूक आहे. मॉडेलने चूक आणली खरी, पण वहीतली आणायच्या ऐवजी संगणकावरची आणली.

तिथून माझ्या लक्षात आलं की चुकांची संख्या कमी-जास्त करून हे सुटणारं नाही. मुलाच्या चुकीला कारण असतं, आणि नमुन्यातल्या चुकांना ते नव्हतं. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ एस. पिट कॉर्डर यांनी १९६७ सालीच हा भेद मांडला होता. घाईत किंवा थकव्यात झालेली चूक वेगळी आणि शिकणाऱ्याने मनाशी बांधलेल्या नियमातून वारंवार होणारी चूक वेगळी. या दुसऱ्या प्रकारच्या चुकीवरून शिकणारा कुठवर पोचलाय ते दिसतं.

मराठीत याचं फार छान उदाहरण ‘आणी’ हेच आहे. मराठी शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा हा नियम मूल शिकतं, किंवा पाणी, गाणी, कहाणी वाचून आपोआप उचलतं. ‘आणि’ हा त्या नियमाला अपवाद आहे. म्हणजे ‘आणी’ लिहिणारं मूल नियम पाळतंय, फक्त अपवाद त्याच्यापर्यंत पोचलेला नाही. म्हणूनच त्याच्या वहीत ‘परंतू’ही सापडण्याची शक्यता मोठी असते. दोन्हींचं मूळ एकच.

तसंच ‘फूलांचा’ आणि ‘दूधाचा’. फूल, दूध हे शब्द दीर्घ आहेत हे मुलाला पक्कं माहीत असतं. सामान्यरूपात तो ऊ ऱ्हस्व होतो, फुलांचा, दुधाचा, हे माहीत नसतं. अशा मुलाकडून ‘गरिबांना’चंही ‘गरीबांना’ होतं. ‘आशीर्वाद’चा ‘आर्शिवाद’ होतो तो वेगळ्याच कारणाने: रफार शब्द लिहून झाल्यावर वर द्यायचा असतो, आणि देताना तो एक अक्षर अलीकडे पडतो. एक चूक नियमातून आली, दुसरी हाताच्या हालचालीतून.

मॉडेलला हात नाही आणि कानही नाही. त्याच्यासमोर मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत येतो, आणि आधीच्या तुकड्यांवरून पुढचा कोणता यायची शक्यता किती, हे ठरवत ते लिहीत जातं. देवनागरी शब्दाचे तर बरेचदा अगदी बारीक तुकडे पडतात, एखादी मात्राही वेगळी निघते. बरोबर रूप त्याने असंख्य वेळा पाहिलेलं असतं, म्हणून त्याचा ओढा तिकडे असतो. चूक करायला सांगितलं की ते मधूनमधून त्या ओढ्याबाहेर एक पाऊल टाकतं आणि परत येतं. म्हणून चुका मिठासारख्या सगळीकडे सारख्या भुरभुरलेल्या दिसतात, साधारण परिच्छेदाला एक-दोन. खऱ्या वहीत त्या अशा पसरत नाहीत. एका प्रकारच्या पानभर दिसतात, दुसऱ्या प्रकारच्या अजिबात नसतात, आणि शेवटच्या परिच्छेदात घंटा व्हायची वेळ आली की शब्दच गळायला लागतात.

बाईंनी दाखवलेली आणखी एक गोष्ट मला शुद्धलेखनापेक्षाही महत्त्वाची वाटते. नमुन्यात ढग जमले, पाऊस आला, भिजलो, घरी आलो, मजा आली, आणि शेवटी निसर्गाचं महत्त्व, असं सगळं मापात होतं. त्यांनी तोंडी सांगितलेल्या एका जुन्या निबंधात मुलीने पाऊस दोन ओळींत संपवला होता. पुढचं पानभर भिजलेल्या वहीबद्दल होतं: ती पंख्याखाली कशी ठेवली, पानं कशी चिकटली, कोणता धडा पुसला गेला, आणि सगळं ‘आणी मग’ने जोडलेलं. परीक्षेत तिचे गुण गेले असणार. पण नव्या शिक्षकाने तपासायला शिकायचं ते असंच लेखन, कारण तिथे काय लाल करायचं आणि काय राहू द्यायचं हा खरा प्रश्न पडतो.

त्यानंतर मी काम उलटं केलं. आधी मूल ठरवलं, मग चुका. प्रत्येक काल्पनिक मुलासाठी एक चिठ्ठी केली. एकीवर असं होतं: शेवटचा इकार-उकार कायम दीर्घ, सामान्यरूपात मूळ शब्दाचा दीर्घ तसाच, ‘शाळे मध्ये’, ‘घरा समोर’ असं शब्दयोगी अव्यय तोडून, अवघड संस्कृत शब्द येतच नाही, त्याला वळसा घालून लिहितो, एकच प्रसंग लांबवतो. ही चिठ्ठी मॉडेलला दिल्यावर फरक लगेच दिसला. चुकांना घराणं आलं.

तरी दोन अडचणी राहिल्या. लांब निबंधात उत्तरार्धाकडे जाताना चिठ्ठी विसरल्यासारखी होऊन शुद्ध रूपं परत यायला लागली. आणि जिथे चिठ्ठी पाळली गेली, तिथे ती फारच कसोशीने पाळली गेली. खरं मूल ‘फूलांना’ चुकवतं पण ‘मुलांना’ बरोबर लिहू शकतं, कारण हा शब्द पाठ्यपुस्तकात डोळ्यांखालून सारखा गेलेला असतो. नमुन्यात दोन्ही चुकले होते, एकही सुटलं नव्हतं. कुठला शब्द सवयीने बरोबर येईल हा अंदाज वह्या तपासलेल्या माणसालाच बांधता येतो.

म्हणून शेवटी कामाची वाटणी केली. प्रसंग आणि शुद्ध वाक्यांचा कच्चा मसुदा मॉडेलकडून, तोही एकच प्रसंग लांबवलेला. त्यात चिठ्ठीप्रमाणे चुका आम्ही हाताने घातल्या, सवयीचे शब्द मुद्दाम बरोबर ठेवले आणि निबंध कागदावर हाताने उतरवून काढले. उतरवताना काही चुका आपोआपही झाल्या, ओळ गळली, एक शब्द दोनदा आला. त्या तशाच राहू दिल्या. प्रत्येक कागदावर ‘सरावासाठी तयार केलेला’ असं लिहिलं.

सराव घेताना एका नव्या शिक्षकाने विचारलं, की मग या खुणांवरून वर्गातल्या मुलाचा निबंध मॉडेलने लिहिलाय हे ठरवता येईल का. बाईंनी स्पष्ट नाही म्हटलं, आणि मला ते पटतं. खूप वाचणारं मूल ‘प्रफुल्लित’ बरोबर आणि ‘खूप’ चुकीचं लिहू शकतं. मोबाइलवर टाइप केलेल्या निबंधात ‘माझया’ येऊ शकतं. यंत्राने तपासूनही खात्री मिळत नाही. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये यंत्राने लिहिलेला मजकूर ओळखणारं स्वतःचं साधन आणलं होतं, ते कमी अचूकतेमुळे त्याच वर्षी जुलैत काढून घेतलं. बाईंची पद्धत साधी आहे. शंका आली की त्या मुलाच्या आधीच्या वह्या काढतात, चुकांची घराणी जुळतात का बघतात, आणि मग मुलाला जवळ बसवून विचारतात, “हा आविष्कार म्हणजे काय रे? तुझ्या शब्दांत सांग बघू.”

एक प्रकार मात्र आम्हाला या पद्धतीने बनवता आला नाही: खाडाखोड. मुलाने आधी काय लिहिलं, काय खोडलं आणि त्यावर काय लिहिलं, यावरून त्याचा विचार कळतो, आणि रचून केलेली खाडाखोड पहिल्या नजरेत रचलेली दिसते. पालकांची आणि मुलांची संमती घेऊन त्या भागापुरत्या थोड्या खऱ्या वह्या वापरल्या. नावं आणि घरचे उल्लेख झाकले, फक्त खोडलेल्या ओळींचे तुकडे दाखवले, आणि सराव संपल्यावर वह्या मुलांना परत केल्या.