तुम्ही विचारलंत म्हणून: अवशेष मोजणाऱ्याच्या घरचे अन्न

“रोज कीटकनाशकांचे अवशेष तपासता, तरी घरी सगळं सेंद्रिय का आणत नाही?”

एक आई आपल्या मुलासाठी आणलेल्या सफरचंदांचा तपासणी अहवाल घेऊन माझ्याकडे आली होती. अहवालात बॉस्कॅलिड या बुरशीनाशकाचे प्रमाण किलोमागे ०.२ मिलिग्रॅम होते. “मी त्याला माझ्या हातानं विष भरवलं,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी कागद ओढून हिशेब मांडला. आयुष्यभर रोज पोटात गेली तरी चालेल अशी या रसायनाची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे ०.०४ मिलिग्रॅम धरली जाते. प्राण्यांवरच्या चाचण्यांत ज्या मात्रेला अपाय दिसला नाही, तिच्या सुमारे शंभराव्या भागाइतकी ती आहे. मूल १५ किलोचे, म्हणजे दिवसाला ०.६ मिलिग्रॅम. दीडशे ग्रॅमच्या एका सफरचंदात ०.०३ मिलिग्रॅम. मर्यादा गाठायला त्याला रोज वीस सफरचंदे खावी लागली असती.

तिने डोळे पुसले आणि विचारले, “पण खाली आणखी तीन नावं आहेत. ती सगळी मिळून काय करतात?” एकाच पद्धतीने शरीरावर परिणाम करणाऱ्या रसायनांची बेरीज करता येते, निरनिराळ्या प्रकारांच्या मिश्रणाबद्दल मात्र तितक्या खात्रीने बोलता येत नाही, हे मला तिला सांगावे लागले. त्याआधी “मर्यादेच्या आत आहे” म्हटले की माझ्या दृष्टीने विषय संपत असे.

तरीही मी सगळे सेंद्रिय आणत नाही, आणि त्याबद्दल मला कोणी निष्काळजी म्हणू नये. पोषणाचा फरक किरकोळ आहे: २०१२ मधल्या एका मोठ्या आढाव्यात जीवनसत्त्वांत ठोस फरक आढळला नाही, तर २०१४ मधल्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट जास्त आणि कॅडमियम हा विषारी धातू कमी आढळला. सेंद्रिय मालात अवशेष कमी वेळा सापडतात, हे दोन्हीकडे दिसते. मात्र सेंद्रिय शेतीत बुरशीनाशक म्हणून परवानगी असलेले तांबे, एकाच वेळी अनेक कीटकनाशके शोधणाऱ्या आमच्या नेहमीच्या बहुअवशेष चाचणीत दिसतच नाही, त्यासाठी वेगळी चाचणी करावी लागते. ‘काही सापडले नाही’ हा शेरा वाचताना हे ध्यानात ठेवावे.

म्हणून जास्तीचे पैसे मी सालीसकट कच्चे खायच्या फळांवर आणि पालेभाज्यांवर खर्च करतो. जाड साल काढून टाकायच्या फळांवर नाही. सेंद्रियच हवे या हट्टापायी महिन्याच्या खर्चात भाज्या-फळेच कमी आणावी लागत असतील, तर तो सौदा मला मान्य नाही. बाकीचे वाहत्या पाण्याखाली चोळून धुतो. सालीवरचे बरेच त्याने जाते, गरात मुरलेले जात नाही. त्या आईच्या दुसऱ्या प्रश्नाचे पुरते उत्तर मात्र मी अजूनही देऊ शकत नाही, आणि मुलांसाठी फळे निवडताना तो मला दर वेळी आठवतो.