बुडाचा शिक्का आणि काकूंचा सेट

भांडी बाजारातलं आमचं दुकान मुख्यतः स्टीलचं. चिनी मातीचं एकच कपाट आहे, तेही वडिलांच्या हौसेपायी. पण जुन्या डिनर सेटची फुटलेली प्लेट जुळवून द्यायची म्हटलं, की लोक आमच्याकडेच येतात.

गेल्या दिवाळीआधी कॉलेज रोडवरच्या एक काकू कापडी पिशवीतून एक प्लेट घेऊन आल्या. टॉवेलमध्ये गुंडाळलेली, सोनेरी काठ, मध्ये राखाडी पानांची नक्षी. बारापैकी तीन फुटल्या होत्या. मुलीच्या साखरपुड्याला बारा हव्यात. "नोरिताके आहे हो दादा, आमच्या सासऱ्यांनी लढाईच्या काळात आणलेला," असं त्यांनी तीनदा सांगितलं.

मी प्लेट उलटी केली. पुष्पचक्राच्या आत इंग्रजी 'एन', खाली 'नोरिताके', 'जपान' आणि चार आकडी नंबर. मी गप्प बसलो. कारण नोरिताके या जपानी कंपनीच्या शिक्क्यात चक्राच्या आत आधी 'एम' असायचा, ती सुरू करणाऱ्या मोरिमुरा घराण्याचा. 'एन' आला १९५३ मध्ये, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून आठ वर्षं झाल्यावर. प्लेट जुळवायची तर तारीख बरोबर लागते, म्हणून शेवटी सांगावंच लागलं. काकूंनी मान डोलावली, पण पटलेलं दिसलं नाही.

मग बुडाचं कडं बघितलं. टेबलाला टेकतं तिथे ग्लेझ, म्हणजे वरचा काचेसारखा थर, नव्हतं, बोट फिरवलं तर बारीक सँडपेपरसारखा खरखरीतपणा लागला. ही कडक पोर्सिलिनची खूण. ग्लेझ लावून मोठ्या आचेवर भाजताना कडं भट्टीच्या फळीला चिकटेल म्हणून तिथलं ग्लेझ पुसून काढतात. बोन चायना आधी कोरडीच मोठ्या आचेवर भाजतात, मग ग्लेझ लावून कमी आचेवर. त्या दुसऱ्या भाजणीत ती बारीक टोकांवर टेकवली, की कड्यावरही ग्लेझ राहतं आणि कधी तीन इवलेसे टिपके दिसतात. मोबाइलचा टॉर्च मागून लावला तर बोन चायनातून उबदार पिवळसर उजेड येतो, इथे थोडा थंड, निळसर आला.

नंबर मिळाला म्हणजे काम झालं, असं मला वाटलं आणि तिथेच मी फसलो. मुंबईच्या एका विक्रेत्याकडे त्याच नंबरच्या चार प्लेट होत्या. फोटोत नक्षी हुबेहूब. मी तीन मागवल्या. आल्या त्या दिवशी काकूंनी एक प्लेट आपल्या प्लेटशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "ही पिवळी का दिसते?"

खरंच दिसत होती. उलटी केली तर शिक्क्यात 'श्रीलंका'. सिलोनचं नाव श्रीलंका झालं १९७२ मध्ये, म्हणजे ही प्लेट त्यानंतरची. नंबर नक्षीचा असतो, कारखान्याचा नसतो. मातीत थोडं लोखंड असतंच. भट्टीत हवा कमी ठेवून भाजलं तर पांढऱ्यावर निळी झाक येते, मोकळ्या हवेत भाजलं तर पिवळसर. फोटोत हे कळत नाही, कारण मोबाइल पांढरा रंग आपल्या मनाने दुरुस्त करतो. शिवाय बुडाचं कडं काकूंच्या प्लेटपेक्षा दोन मिलिमीटरने जास्त रुंद होतं. काकूंच्या प्लेटवर ठेवली की डुगडुगायची. विक्रेत्याचा दोष नव्हता. शिक्क्याचा फोटो मीच मागितला नव्हता. परत पाठवायचा खर्च माझ्या खिशातून गेला.

तेव्हापासून विक्रेत्याकडून चार गोष्टी घेतल्याशिवाय पैसे देत नाही: शिक्क्याचा जवळून फोटो, पट्टी ठेवून काठाचं आणि बुडाच्या कड्याचं माप, उन्हात खिडकीजवळ कोऱ्या कागदाशेजारी ठेवलेली प्लेट, आणि काठावर उजेड तिरका पाडून काढलेला फोटो, म्हणजे घासलेलं सोनं लपत नाही. सोनं ग्लेझच्या वर असतं. घासणी, भांडी धुण्याचं मशीन, मायक्रोवेव्ह, सगळ्याने जातं.

तीन आठवड्यांनी पुण्याच्या एका घरातून 'जपान' शिक्क्याच्या दोन मिळाल्या. झाक जुळली, रचून ठेवल्यावर हलत नव्हत्या. एकीचं सोनं एका बाजूने अगदी फिकं होतं. काकूंनी नखाने काठ घासून बघितला. "ही भाताखाली लपेल," म्हणाल्या आणि दोन्ही घेतल्या. पैसे देताना पुन्हा म्हणाल्या, "सासरे लढाईत होते, हे मात्र खरं आहे हं." मी म्हटलं, असेल की. शिक्का प्लेटचा आहे, सासऱ्यांचा नाही.

साखरपुडा अकरा प्लेटांवर झाला. बारावी अजून शोधतोय.