तुम्ही विचारलंत म्हणून : शरीराचा एक गैरसमज

“डॉक्टर, माझं बीपी तर ११०च आहे. मग ह्या बीपीच्या गोळ्या मला कशाला? आणखी खाली नाही का जाणार?”

थोडं जाईल. पण मी त्या गोळ्या बीपीसाठी देतच नाही, कमजोर झालेल्या हृदयासाठी, म्हणजे हार्ट फेल्युअरसाठी देते. तुमच्या बाबतीत बीपी उतरणं ही त्या गोळ्यांची आनुषंगिक गोष्ट आहे, एखाद्या वेळी अडचणीचीसुद्धा.

मला हे सगळ्यात नीट विचारलं ते धनकवडीच्या एका काकांनी. पीएमटीत ड्रायव्हर होते, वय एकसष्ट. चार वर्षांपूर्वी हार्ट अटॅक येऊन गेलेला. तोवर रोज सकाळी पर्वती चढणारा माणूस. माझ्याकडे आले तेव्हा पायांवर सूज होती, आणि रात्री दोनला दम लागून खिडकीशी जाऊन बसायची वेळ येत होती. इकोत पंपिंग २७ टक्के. (निरोगी हृदयही शंभर टक्के रक्त बाहेर टाकत नाही, साधारण ५५ ते ७० टाकतं. त्यामुळे २७ म्हणजे ‘पाव हृदय उरलं’ असं घाबरू नये, पण कमीच.) फ्युरोसेमाइड, म्हणजे आपली पाण्याची गोळी, सुरू केल्यावर पाच दिवसांत वजन चार किलोंनी उतरलं आणि काका आडवे झोपू लागले. मग मी आणखी तीन गोळ्या लिहिल्या : एनालाप्रिल, कार्वेडिलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन. मेडिकलवाल्याने पाकिटांवर पेनाने लिहून दिलं, ‘बीपी’, ‘बीपी’, ‘पाणी’. काका ती पाकिटं घेऊन परत आले. बरं वाटत असताना हे कशाला, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता.

गंमत अशी, की ज्या पाण्याच्या गोळीने त्यांना बरं वाटलं, तिने आयुष्य वाढतं असं कुठल्या मोठ्या चाचणीत सिद्ध झालेलं नाही. ती फक्त साचलेलं पाणी काढते. पाणी साचवणारा वेगळाच आहे.

पंप कमजोर झाला की मूत्रपिंडाकडे रक्त कमी पोचतं, आणि मानेतल्या रोहिणीत दाब मोजणारी जी टोकं असतात त्यांनाही ते जाणवतं. पंप बिघडलाय हे कळायची सोय त्यांच्याकडे नाही. लाखो वर्षांत शरीराने रक्त कमी पडण्याचं एकच मोठं कारण ओळखलंय : जखम. म्हणून शरीर समजतं, रक्त वाहून चाललंय, आणि जखमी माणसाला वाचवायची सगळी तयारी सुरू करतं. मज्जातंतूंतून नॉरॲड्रेनॅलिन सुटतं, ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. मूत्रपिंड रेनिन सोडतं, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-दोन तयार होतं, ते वाहिन्या आणखी आवळतं आणि अल्डोस्टेरॉनला जागं करतं. अल्डोस्टेरॉन मीठ आणि पाणी धरून ठेवतं. खरोखर जखम असेल तर हे सगळं तासाभरात जीव वाचवतं. इथे मात्र जखमच नाही, त्यामुळे ही तयारी महिनोन् महिने, वर्षानुवर्षं चालू राहते.

आणि ही रसायनं फक्त वाहिन्या आवळून थांबत नाहीत. सतत त्यांच्या माऱ्यात राहिलेल्या हृदयाच्या पेशी मरतात, मधल्या जागेत चिवट तंतू भरतात, कप्पा फुगून गोल होत जातो. अटॅकने जेवढं मारलं नव्हतं तेवढं हे हळूहळू मारतं.

काका म्हणाले, “म्हणजे कात्रजचा घाट चढताना इंजिन तापलंय आणि आपण ॲक्सिलरेटर दाबतोय.” बरोबर. एवढाच फरक, की इंजिन नुसतं थंड होतं, हृदय मात्र दाब सुटला तर काही अंशी पुन्हा आकारात येऊ शकतं.

आता तुमच्या बीपीकडे. नुसता दाब उतरवून भागलं असतं तर कुठलीही बीपीची गोळी चालली असती. हे तपासून झालेलं आहे. १९८६ साली अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतल्या ६४२ पुरुषांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. एका गटाला प्राझोसिन दिलं होतं. त्यांचं बीपी छान उतरलं, मृत्यू मात्र नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांइतकेच झाले. हेच प्राझोसिन आपल्याकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडला विंचूदंशात वापरून कितीतरी जीव वाचवले. विंचवाच्या विषाने एकदम उसळलेलं वादळ काही तासांत शमतं, तेवढा वेळ वाहिन्या सैल ठेवल्या की माणूस निभावतो. पण जुनाट हार्ट फेल्युअरमध्ये नुसत्या वाहिन्या सैल केल्या, तर दाब पडलेला पाहून शरीराला जखम वाढल्यासारखीच वाटते, आणि ते आणखी नॉरॲड्रेनॅलिन सोडतं.

पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंडमधल्या २५३ अतिगंभीर रुग्णांचा निकाल आला. एनालाप्रिल अँजिओटेन्सिन-दोन बनूच देत नाही. सहा महिन्यांत खोट्या गोळीच्या गटात शंभरातले ४४ गेले, एनालाप्रिलच्या गटात २६. चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. स्पायरोनोलॅक्टोनची १९९९ सालची गोष्ट तर तुमच्या प्रश्नाला थेट लागू पडते. दोन वर्षांत मृत्यू शंभरात ४६ वरून ३५ वर आले, आणि दोन्ही गटांच्या बीपीत म्हणण्यासारखा फरकच नव्हता! अल्डोस्टेरॉनचा आवाज बंद झाला, एवढंच.

सगळ्यात उलटं वाटतं ते कार्वेडिलॉलसारख्या, नॉरॲड्रेनॅलिनला अडवणाऱ्या बीटा ब्लॉकरचं. दमलेल्या हृदयाला मंद करायचं? पूर्वीची पुस्तकं हे साफ नको म्हणायची. स्वीडनमध्ये गॉथेनबर्गच्या डॉक्टरांनी १९७५ साली सात रुग्णांवर हा धीर केला, आणि जगाला पटायला पुढे वीस-पंचवीस वर्षं गेली. मधल्या काळात उलटी वाटही चालून झाली. हृदयाला जोरात पिटाळणाऱ्या मिल्रिनोनच्या गोळ्या रोज देऊन पाहिल्या, तर १९९१ च्या निकालात मृत्यू २८ टक्क्यांनी वाढलेले निघाले. पंपिंग वाढवायची गोळी द्या म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी हे सांगते.

काकांचं पुढे सरळ गेलं नाही. एनालाप्रिल अडीच मिलिग्रॅम दोनदा, स्पायरोनोलॅक्टोन २५ एकदा, आणि छातीतलं पाणी पूर्ण उतरल्यावर कार्वेडिलॉल ३.१२५ दोनदा. हा अगदी चिमूटभर डोस असतो, आणि दर दोन आठवड्यांनी सोसेल तसा दुप्पट करत न्यायचा. पहिल्या दुपटीनंतर आठ दिवसांत वजन दोन किलो वाढलं, रात्री पुन्हा दोन उशा लागू लागल्या. सूनबाईंचा फोन : “ही गोळी ह्यांना सोसत नाही, बंद केली.” हे अपेक्षित होतं. चूक माझी, मी ते आधी नीट सांगितलं नव्हतं. शरीर इतके दिवस ॲड्रेनॅलिनच्या रेट्यावर चाललेलं असतं. तो रेटा काढला की आधी काही आठवडे जरा खाली घसरतं, फायदा दिसायला दोन-तीन महिने लागतात. मी पाण्याची गोळी चार दिवस दुप्पट केली, कार्वेडिलॉल त्याच डोसवर पुन्हा सुरू केलं आणि पुढची दुप्पट दोन आठवडे लांबवली. ठोके पन्नासच्या खाली गेले असते किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली असती, तर मात्र मी डोस मागे घेतला असता. २५ दोनदा इथवर पोचायला पाच महिने लागले. ठोके ९२ चे ६२ झाले.

दुसरा ठेचकाळण्याचा दगड पोटॅशियम. अल्डोस्टेरॉन पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकतं. त्याला अडवलं की ते रक्तात साचतं, एनालाप्रिलनेही साचतं. पोटॅशियम फार वाढलं तर हृदय अचानक थांबू शकतं, आणि त्याआधी काही जाणवेलच असं नाही. म्हणून रक्त तपासायचं : सुरू केल्यावर आठवड्याने, महिन्याने, मग दर तीन-चार महिन्यांनी. क्रिएटिनिन १.१ चं १.३ झालं तर मी गोळी बंद करत नाही. तीस टक्क्यांपर्यंतची वाढ मूत्रपिंडातला दाब उतरल्याने होते, ती चालते. काकांचं पोटॅशियम श्रावणात ५.८ निघालं. चौकशी केली तेव्हा कळलं, गुडघा दुखतो म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणून आठ दिवस खाल्लं होतं, त्यात जुलाब लागले, आणि अशक्तपणावर रोज दोन शहाळी. दुखण्याच्या ह्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात, जुलाबाने अंगातलं पाणी गेलेलं, आणि शहाळं म्हणजे पोटॅशियमच. स्पायरोनोलॅक्टोन आठवडाभर थांबवलं, एनालाप्रिल जुलाब थांबेपर्यंत, डायक्लोफेनॅक कायमचं. पोटॅशियम ४.९ आल्यावर स्पायरोनोलॅक्टोन अर्ध्या डोसवर पुन्हा.

एनालाप्रिलने कोरडा खोकला लागतो काहींना. मग वाल्सार्टनसारखी गोळी देते. हल्ली पुष्कळदा थेट सॅक्युबिट्रिल-वाल्सार्टनवर नेतो, कारण २०१४ च्या मोठ्या चाचणीत तिने एनालाप्रिललाही मागे टाकलं. मात्र दोन्हींमध्ये निदान ३६ तासांचं अंतर हवं, नाहीतर जीभ-घसा सुजून श्वास कोंडू शकतो. घरात उरलेली एनालाप्रिलची पट्टी डब्यात ठेवू नका, एवढं मी हात जोडून सांगते. डॅपाग्लिफ्लोझिन ही ‘शुगरची’ गोळीही आता सोबत देतो. तीही आयुष्य वाढवते, पण ती ह्या हार्मोनच्या साखळीतली नाही. तिच्यावर पुन्हा कधीतरी.

आणि हे सारं पंपिंग चाळीसच्या आत असलेल्यांसाठी. ज्यांचं पंपिंग चांगलं आहे पण हृदय ताठ झाल्यामुळे दम लागतो, त्यांच्यात ह्याच गोळ्यांनी आयुष्य वाढल्याचं असं ठामपणे दिसलेलं नाही. शेजाऱ्याची चिठ्ठी आणू नये ती ह्यासाठी.

वर्षाने काकांचं पंपिंग ४१ झालं. अर्थात लगेच, “आता बंद करू का?” लंडनमध्ये असं करून पाहिलंय. हृदय पूर्ववत झालेल्या ५१ जणांपैकी साधारण निम्म्यांच्या गोळ्या आधी हळूहळू काढल्या, तर त्यांतल्या सहा महिन्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त जणांचा आजार उलटला. आणि त्यांची हृदयं तर काकांपेक्षा बरी झालेली होती. काका ऐकून गप्प बसले, मग वही काढून रोजचं वजन दाखवलं.

परवा आले तेव्हा बीपी १०४. त्यांनीच यंत्राकडे बघून तोंड वाकडं केलं.

“उठताना गरगरतं का?”

“नाही.”

“पर्वती?”

“निम्म्यापर्यंत जातो. मग बसतो जरा.”

मी १०४ लिहून घेतलं आणि पोटॅशियमची चिठ्ठी दिली.