तक्त्यातला रिकामा चौकोन

फोर्टमध्ये एका निवृत्त न्यायमूर्तींकडे मी लवादाच्या कामात मदतनीस आहे. सुनावणी संपली की दोन्ही बाजूंचे लेखी युक्तिवाद येतात आणि त्यांचा तक्ता करणं माझ्याकडे असतं: डावीकडे दावेदार, उजवीकडे प्रतिवादी, आणि प्रत्येक मुद्द्याशेजारी त्याला आधार म्हणून दिलेले निवाडे. लवादातली माहिती गोपनीय असते, म्हणून या प्रकरणाचे तपशील आणि आकडे मी बदलून लिहितो आहे.

भिवंडीतल्या एका गोदामाचं बांधकाम होतं, ठेका सहा कोटींचा. उशीर झाला तर दर आठवड्याला अर्धा टक्का, जास्तीत जास्त पाच टक्के कापायचे, असं करारात लिहिलेलं. काम चौदा आठवडे रखडलं आणि मालकाने शेवटच्या बिलातून तीस लाख कापले. कंत्राटदार ते परत मागत होता.

त्याच्या वकिलांचं म्हणणं असं, की मालकाने एक रुपयाचंही नुकसान सिद्ध केलेलं नाही. आधार सर्वोच्च न्यायालयाचे ‘मौला बक्ष’ (1969) आणि ‘कैलास नाथ’ (2015) हे निवाडे. मालकाचे वकील म्हणत होते, रक्कम करारातच ठरली आहे, वेगळा पुरावा कशाला? त्यांचा आधार ‘सॉ पाइप्स’ (2003). ‘फतेहचंद’ (1963) मात्र दोघांनीही दिलेला.

युक्तिवाद ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने समोरासमोर मांडले, तर असा तक्ता कुचकामी होतो. एकाचा तिसरा मुद्दा दुसऱ्याच्या अकराव्या मुद्द्याला उत्तर देत असतो. म्हणून मी प्रत्येक मुद्दा एका वाक्यात असा उतरवतो, की समोरच्याला त्यावर हो किंवा नाही म्हणावंच लागेल. मग निवाडा उघडून, सांगितलेल्या पॅऱ्यात ते वाक्य खरंच आहे का, तेही न्यायालयाचं मत म्हणून आहे की एखाद्या वकिलाचा युक्तिवाद नोंदवताना आलेलं आहे, हे बघतो. ही गल्लत वरचेवर आढळते.

‘सॉ पाइप्स’मध्ये युरोपातल्या संपामुळे मालाला उशीर झाला होता. तिथे न्यायालयाने म्हटलं, की नुकसान मोजणं अवघड असेल आणि ठरलेली रक्कम हा प्रामाणिक अंदाज असेल, तर प्रत्यक्ष नुकसानीचा पुरावा लागत नाही. ‘कैलास नाथ’मध्ये भूखंडाच्या लिलावातली अठ्ठ्याहत्तर लाखांची बयाणा रक्कम जप्त झाली होती, पण तोच भूखंड पुढे कितीतरी जास्त भावाने विकला गेला, म्हणजे नुकसान झालंच नव्हतं. तिथे न्यायालय म्हणालं, करारात ठरलेल्या भरपाईबद्दलचं करार कायद्याचं कलम 74 लागू व्हायला नुकसान झालेलं असावंच लागतं आणि ते सिद्ध करता येण्यासारखं असेल तर पुराव्यातून सूट नाही.

दोन्ही उतारे शेजारी-शेजारी टाइप केल्यावर लक्षात आलं, की वकिलांनी दाखवला तेवढा विरोध त्यांच्यात नाही. दोन्हींतून एकच प्रश्न निघतो: हे नुकसान मोजता येण्यासारखं होतं का? मी तो प्रश्न एका ओळीत लिहिला. डावा चौकोन रिकामा राहिला, उजवाही. त्यावर कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

मग पुरावा चाळला. मालकाच्या साक्षीदाराने उलटतपासणीत सहज सांगून टाकलं होतं, की गोदामाला भाडेकरू ठरलेला होता, भाडं महिना साडेतीन लाख, आणि तो दोन महिने उशिरा आला. हे वाक्य उजव्या चौकोनात घालायचा मोह मला झाला. पण पक्षकाराने न केलेला युक्तिवाद त्याच्या नावावर चढवणं गैर आहे. मी चौकोन रिकामाच ठेवला आणि साक्षीचा पान-क्रमांक वेगळ्या कागदावर लावला.

“हे बरं केलंस,” सर म्हणाले. “तक्त्यात असतं, तर त्यांनी हे मांडलं असं मी धरून चाललो असतो. आणि दोघांना न विचारता यावर निवाडा दिला, तर सुनावणीची पुरेशी संधी मिळाली नाही म्हणून तो लवाद कायद्याच्या कलम 34 खाली कोर्टाकडून रद्द करून घेता येईल. बोलाव दोघांना, एवढ्या एका प्रश्नावर.”

सुनावणी तासाभरात संपली. मालकाचे वकील साक्ष वाचून म्हणाले, नुकसान झालं हे आता स्पष्ट आहे. कंत्राटदाराच्या बाजूच्या वकील बाई लगेच उठल्या: “म्हणजे ते मोजता येतं, साहेब. मग जेवढं झालं तेवढंच द्या.” त्यावर मालकाच्या वकिलांनी बाकीच्या आठवड्यांतल्या देखरेखीच्या खर्चाचा उल्लेख केला; पण त्याचा एकही कागद रेकॉर्डवर नव्हता आणि पुरावा देण्याचा टप्पा तर कधीच संपला होता.

निवाड्यात दोन महिन्यांचं भाडं, सात लाख, मालकाला मिळालं. उरलेले तेवीस लाख व्याजासह कंत्राटदाराला परत करायचे ठरले. तक्त्याची ती ओळ सरांनी निवाड्यात तशीच घेतली. फक्त दोन्ही चौकोनांत आता फेरसुनावणीत जे म्हटलं गेलं ते होतं, तारखेसह.