चमच्याचमच्यानं काढलेली रात्र

लेकीला रात्री अकराला पहिली उलटी झाली आणि दोन वाजेपर्यंत आणखी चार. वय तीन वर्षं. मधे दोनदा पाण्यासारखी शी. तिला इतकी तहान लागली होती की मी पेलाभर ओआरएस पाजलं, आणि तिनं ते घटाघटा प्यायलं. दहा मिनिटांत सगळं बाहेर. चूक माझीच होती. पोट बिघडलेलं असताना एकदम भरलं की ते परत फेकतं.

डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, "उलटीनंतर दहा मिनिटं काही देऊ नका. मग दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा, बस." पाच मिली म्हणजे काय, असं वाटलं. पण हिशेब केला तर तासाला दीडशे मिली होतात! मोबाइलवर टायमर लावून बसले. ती रडून पेला मागत होती, तेच सगळ्यात अवघड गेलं. पहाटे पुन्हा एक उलटी झाली. दहा मिनिटं थांबून परत चमचा सुरू केला.

ओआरएस नीट कालवायला हवं. आमचं पाकीट एक लिटरचं होतं, म्हणून मोजून एक लिटर पाणी घेतलं. त्यातली साखर मिठाला आतड्यातून आत घेऊन जाते आणि पाणी त्यांच्यामागोमाग जातं. साखर जास्त झाली की उलट पाणी आतड्यात ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून ज्यूस आणि कोल्ड्रिंक बंद. उरलेलं ओआरएस चोवीस तासांनी ओतून दिलं.

माझं लक्ष शूवर होतं. साडेपाचला झाली, गडद पिवळी, पण झाली. आठ तास शू नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी नाही, मूल गुंगीत, शीमध्ये रक्त किंवा हिरवी उलटी, यातलं काहीही दिसलं तर फोन न करता थेट दवाखान्यात यायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

सकाळी उलट्या थांबल्या. सासूबाई म्हणाल्या, "आज पोटाला आराम दे." डॉक्टरांचं मत उलटं होतं: उपाशी ठेवलं तर आतडं भरून यायला वेळ लागतो. मग मऊ भात-दही, दोन-तीन घास, दर तीन तासांनी. नको म्हणाली तर जबरदस्ती नाही. जुलाब मात्र पाच दिवस चालले. प्रत्येक पातळ शीनंतर अर्धा पेला ओआरएस, तोही घोटघोट. जुलाब थांबवणारं औषध लहान मुलांना द्यायचं नसतं, म्हणून दिलं नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेलं झिंक, रोज 20 मिलिग्रॅम, शी घट्ट झाल्यावरही चौदा दिवस पूर्ण केलं. पुढचे दोन आठवडे दिवसातून एक जेवण जादा देत होते. तिसऱ्या दिवशीच ती रात्री नऊला पुन्हा ताटाशी येऊन बसली.