पऱ्हाटीतला रविवार: स्लो मोशन, टाइमलॅप्स आणि क्लोजअपची नोंद

मागचे तीन व्हिडिओ सलग पाहिले आणि माझाच मला कंटाळा आला. धुऱ्यावर उभं राहून छातीच्या उंचीवरून घेतलेलं वावर, वाकून कापूस वेचणाऱ्या बाया, परत वावर. वेचणी दिवसभर तशीच चालते हे खरं, पण बघणाऱ्याला ते दोन मिनिटं तरी सोसलं पाहिजे. म्हणून या रविवारी ठरवलं की विषय तोच ठेवायचा, फक्त तीन वेगळे शॉट त्यात घालायचे.

पहिला टाइमलॅप्स. पांढरी तास, म्हणजे पऱ्हाटीची ओळ, हळूहळू रिकामी होताना दाखवायची होती. ॲपमध्ये दर ५ सेकंदांना एक फोटो लावला. व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणजे १० सेकंदांच्या शॉटला ३०० फोटो लागतात, आणि ५ सेकंदांच्या अंतराने त्याला २५ मिनिटं. गणित बरोबर होतं, निकाल नाही. बाया तासातून चालण्याऐवजी इथून तिथे टुणकन उड्या मारत होत्या. ५ सेकंद ढगांना चालतात, माणसांना नाही. दुसऱ्या वेळी २ सेकंद ठेवले, १० मिनिटांत काम झालं आणि वेचणी वाहती दिसली.

त्याच पहिल्या शॉटमध्ये आणखी एक खोट होती. ढग आला की फोन स्वतःच उजेड वाढवायचा, गेला की कमी करायचा, त्यामुळे सगळा शॉट धडधडत होता. आता पऱ्हाटीवर बोट दाबून धरतो, फोकस आणि उजेड दोन्ही लॉक झाल्याची खूण आली की मगच सुरू करतो. कापूस पांढरा असल्यामुळे लॉक केल्यावर उजेड थोडा खाली ओढावा लागतो, नाहीतर बोंडं नुसती पांढरे ठिपके होतात. आणि स्टँडचं सांगायचं राहिलं: काळ्या मातीत त्याचा एक पाय हळूहळू रुतला आणि क्षितिज तिरपं झालं. आता तिन्ही पायांखाली चपटे दगड असतात.

स्लो मोशनने जास्त छळलं. कापसाची गाठोडी खोलीत गंजीवर रिकामी करतात, कापूस हवेत फुलतो, तोच क्षण हवा होता. १२० फ्रेमवर घेतलं. फोनवर पाहिलं तर कापूस छान तरंगतोय, पण मागची भिंत थरथरतेय, उजेड-अंधार, उजेड-अंधार. आधी वाटलं कॅमेराच गेला. दोष होता खोलीतल्या स्वस्तातल्या एलईडी बल्बचा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही. पण १२० फ्रेमचा त्याच्याशी मेळ बसत नाही, सेकंदाला २० वेळा उजेड कमीजास्त होतो आणि चौपट हळू केल्यावर ती लुकलुक सेकंदाला ५ वेळा, म्हणजे अगदी डोळ्यात भरेल अशी दिसते. साध्या व्हिडिओत शटर १/५० किंवा १/१०० करून ती जाते. इथे तसं करता येत नाही, कारण १२० फ्रेममध्ये एका फ्रेमला १/१२० सेकंदापेक्षा जास्त वेळ मिळतच नाही.

उपाय साधा निघाला. चार वाजता बल्ब बंद केला, दार सताड उघडलं आणि शेवटचं गाठोडं दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात रिकामं करायला लावलं. सूर्य लुकलुकत नाही. शिवाय उजेड पाठीमागून आल्यामुळे तंतूसुद्धा उठून दिसले. २४० वरही घेऊन पाहिलं, पण एका सेकंदाचे आठ होतात. तेवढा वेळ कापूस पडताना बघायला मलाच धीर नव्हता. १२० चे चार सेकंद पुरे.

क्लोजअपसाठी बोटं निवडली. वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात म्हणून बाया बोटांना चिंधी गुंडाळतात. मावशी म्हणाल्या, "माह्या हाताचा कायले काढतं फोटू? मोठ्या बोंडाचा काढ ना बाप्पा." पण काढू दिला. फोन अगदी जवळ नेला की फोकस सुटून मागचं पान स्पष्ट होत होतं. माझ्या फोनचा मुख्य कॅमेरा वीतभराच्या आत चालत नाही. मग दोन हात मागे सरकून २x केलं, आणि बोंडावर माझी सावली पडायची तीही गेली. वारा पडेपर्यंत थांबावं लागलं. चिंधीचा मळलेला काठ, त्यातून निघालेलं नख, आणि एका झटक्यात बोंडातून बाहेर येणारा कापूस: सहा सेकंद.

आता व्हिडिओ दीड मिनिटाचा आहे आणि तिन्ही मिळून त्यात फक्त वीस सेकंद जातात. पहिल्या कटमध्ये स्लो मोशन चार ठिकाणी टाकलं होतं, तेव्हा सगळी वेचणीच झोपेत चालल्यासारखी वाटत होती. क्लोजअप सुरुवातीला, टाइमलॅप्स मध्ये, कापूस पडणं शेवटी, बाकी सगळं साध्या वेगात. स्लो मोशनचा आवाज घोगरा होऊन येतो म्हणून तो काढला, आणि गाठोडं सोडतानाची खसखस दुसऱ्या एका साध्या क्लिपमधून तिथे बसवली. ती अजून अर्धा सेकंद उशिरा येते, आज रात्री सरकवतो.