फुल अँड फायनलमध्ये ईएलचा बॅलन्स बरोबर काढून घेतला, माझा अनुभव

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अकाउंट्समध्ये होते, मे २०२५ मध्ये सोडलं. नोकरी सोडताना शिल्लक ईएलचे, म्हणजे काम करून कमावलेल्या पगारी रजेचे पैसे मिळतात, ते किती दिवसांचे धरायचे यावरून बरीच खेचाखेच झाली. वडोदऱ्यात माझ्यासारखे बरेच जण अपॉइंटमेंट लेटर न वाचताच फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या शीटवर सही करतात म्हणून हे सविस्तर लिहितेय.

माझं जॉइनिंग १७ ऑगस्ट २०२२ चं आणि शेवटचा दिवस १६ मे २०२५. अपॉइंटमेंट लेटरमध्ये ईएलबद्दल दोनच ओळी, सर्व्हिसच्या प्रत्येक पूर्ण महिन्याला दीड दिवस आणि खात्यात ४५ च्या वर साठणार नाही. मी घेतलेल्या सुट्ट्या एकूण २१, म्हणजे नोव्हेंबर २०२३ ला दिवाळीत ५, मे २०२४ ला बहिणीच्या लग्नात ९ आणि डिसेंबर २०२४ ला ७.

पेरोलच्या भाईंनी काढलेला बॅलन्स २४ आला. मी विचारलं कसा, तर म्हणाले, "बेन, ३२ महिन्यांचे ४८ होतात, पण लिमिट ४५ ची, त्यातून २१ वजा." ऐकायला बरोबर वाटतं पण यात दोन गोष्टी चुकल्यात आणि दोन्ही माझ्या विरुद्ध जातात.

पहिली ही ४५ ची. लिमिट आहे ती खात्यात एका वेळी किती साठू शकतं याची, आजपर्यंत एकूण किती मिळवलं याची नाही. पाण्याच्या टाकीसारखंच आहे, मधेमधे पाणी वापरलं तर टाकी भरून वाहत नाही, वर्षभरात नळाने एकूण किती पाणी आलं ते मोजून काय उपयोग. म्हणून मी वहीत तारखेप्रमाणे चढउतार लिहून दाखवला. मे २०२४ मध्ये सुट्टीच्या आधी माझे २० महिने झालेले, म्हणजे ३०, त्यातून दिवाळीचे ५ गेले की २५, लग्नाचे ९ गेले की १६. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीला २७ महिने, ४०.५ वजा १४ म्हणजे २६.५, आणि ७ घेतल्यावर १९.५. सगळ्या काळात एकदाही ४५ च्या जवळ गेलेच नाही, मग कापायचं काय? हे त्यांना लगेच पटलं आणि २४ चे २७ झाले.

खरी अडचण ३२ की ३३ ची होती. ते कॅलेंडरचे महिने मोजत होते, सप्टेंबर २०२२ ते एप्रिल २०२५ पूर्ण ३२, आणि ऑगस्टचे १५ दिवस व मेचे १६ दिवस दोन्ही तुकडे सोडून दिलेले. माझे मामा रेल्वेतून रिटायर झालेत, प्रतापनगरला असतात, तेही म्हणाले, "अगं आमच्याकडे पण कॅलेंडर महिनाच धरतात." बरोबर आहे, रेल्वेत जानेवारी-जुलैला १५-१५ दिवस आधीच जमा होतात आणि रुजू होण्याच्या किंवा निवृत्तीच्या सहामाहीत पूर्ण कॅलेंडर महिन्याला अडीच धरतात, पण तो त्यांचा नियम. माझ्या लेटरमध्ये कॅलेंडर हा शब्दच नाही, सर्व्हिसचा महिना आहे, म्हणजे १७ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या १६ तारखेपर्यंत. १६ मेला संध्याकाळी माझा ३३ वा महिना पूर्ण होतो.

भाईंनी एक्सेलमध्ये टाकून बघितलं तर तिथेही ३२ च आले आणि ते म्हणाले बघा कॉम्प्युटर पण तेच सांगतोय. कारण असं की DATEDIF दोन तारखांमधलं अंतर काढतं, शेवटचा दिवस धरत नाही, त्याच्या हिशोबात ३३ वा महिना १७ मेला पूर्ण होतो. आपण तर १६ ला दिवसभर काम केलेलं असतं, म्हणून शेवटच्या तारखेत एक मिळवावा लागतो. B2 मध्ये जॉइनिंग, B3 मध्ये शेवटचा दिवस, B4 मध्ये घेतलेल्या सुट्ट्या:

```
=DATEDIF(B2,B3+1,"m")*1.5-B4
```

उत्तर २८.५ आलं. बहुतेक तारखांना एक मिळवल्याने काही फरक पडत नाही, महिना बरोबर त्याच दिवशी पूर्ण होत असेल तेव्हाच पडतो, आणि मी नेमकी त्याच दिवशी सुटत होते. १५ मेला सुटले असते तर ३२ च बरोबर होते आणि मी वाद घातला नसता. हा फॉर्म्युला मात्र लिमिट बघत नाही, कधी खातं ४५ ला टेकलं असेल तर वहीतल्यासारखं महिन्यागणिकच उतरावं लागेल.

बेसिक ३१,२०० भागिले २६, म्हणजे दिवसाला १,२००. २४ वरून २८.५ झाल्याने ५,४०० रुपये वाढले. एचआरच्या मॅडमनी लेटरमधली ती ओळ वाचली, माझ्या वहीचं पान झेरॉक्स करून फाइलला लावलं आणि नवीन शीटवर २८.५ लिहून आलं, तेव्हा मी सही केली.